काटा निघाल्यावर तीन आठवड्यांनी उठणारी गाठ

मोसंबीची छाटणी करताना बोटात काटा जाणं जालन्याकडच्या बागांत रोजचंच आहे. बांधावरच्या बाभळी-बोरी तोडतानाही तेच होतं. काटा काढला, वर हळद दाबली की काम पुन्हा सुरू. बहुतेक जखमा तेवढ्यावर भरून येतात. काही पिकतात, आणि त्या पिकण्याला घाई असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जागा लाल होते, गरम लागते, रात्रभर ठणकते, पू धरते. कधी ताप येतो आणि काखेत अवधाण उठतं. हा जिवाणूंचा संसर्ग. योग्य अँटिबायोटिक सुरू झालं, पू असला तर तो काढून टाकला, की दोन-तीन दिवसांत ठणका कमी होतो आणि आठवडाभरात प्रश्न मिटतो.

स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीचा आजारही याच काट्यातून येतो, पण त्याचं वेळापत्रक वेगळं असतं.

समजा, चाळिशीतल्या एका बागायतदाराच्या उजव्या हाताच्या तर्जनीत काटा गेला. जखम भरली, विसरलीही गेली. तीन आठवड्यांनी त्याच जागी वाटाण्याएवढी टणक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. हळूहळू ती लालसर-जांभळी झाली, मध्येच फुटली आणि थोडं पातळ पाणी येऊ लागलं. पुढच्या पंधरवड्यात मनगटावर दुसरी गाठ उठली, मग कोपराच्या खाली तिसरी आणि चौथी. माणूस ठणठणीत आहे, ताप नाही, मोसंबी उतरवायला जातो आहे. दरम्यान अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन गेले, गाठी आहेत तिथेच आहेत.

ही ओळ कुठून आली, हे समजलं की आजार ओळखणं सोपं जातं. त्वचेखालून काखेकडे लसीकावाहिन्या, म्हणजे शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या जातात. काट्याबरोबर आत शिरलेली बुरशी या वाहिन्यांच्या वाटेनं वर सरकते आणि जागोजागी गाठ धरते. म्हणून गाठी हातभर विखुरलेल्या नसतात, एका रेषेत चढत जातात. दोन गाठींमध्ये कधीकधी दोरीसारखी जाड वाहिनी बोटांना लागते. जिवाणूही याच वाटेनं जाऊ शकतात, पण तेव्हा हातावर काही तासांत लाल, दुखरी रेघ उमटते, थंडी वाजून ताप येतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. काही रुग्णांत बुरशी वर चढतच नाही. काटा गेला तिथेच एक चट्टा किंवा न भरणारी जखम महिनोन्महिने राहते. अशी एकटी जखम ओळखणं जास्त अवघड.

ही बुरशी स्पोरोथ्रिक्स कुळातली आहे. 1898 मध्ये अमेरिकेत बेंजामिन शेंक यांनी तिचं पहिलं वर्णन केलं. भारतात प्रामुख्यानं स्पोरोथ्रिक्स ग्लोबोसा ही जात सापडते. माती, कुजका पालापाचोळा, जुनं लाकूड, वाळका कडबा यांवर ती तंतूंच्या रूपात वाढते, शरीरात शिरली की यीस्टचं रूप घेते. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी तिचे रुग्ण जास्त आढळतात. मराठवाड्यात हा आजार विरळ आहे, आणि विरळ असल्यामुळेच तो लवकर कोणाच्या मनात येत नाही.

अँटिबायोटिक इथे का चालत नाही? पेनिसिलिनच्या वर्गातली औषधं जिवाणूंच्या भिंतीतल्या एका विशिष्ट घटकावर घाव घालतात. बुरशीच्या भिंतीत तो घटकच नसतो. त्यामुळे डोस वाढवून किंवा आणखी महागडं अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही. जखमेवर रुईचा चीक किंवा बिब्बा लावला तर त्वचा भाजते आणि मूळ खूण ओळखू येईनाशी होते. गजकर्णासाठी दुकानात मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं त्याहून वाईट. लाली घटते, रोगी निर्धास्त होतो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

निदानात सगळ्यात जास्त घोटाळा नमुना पाठवताना होतो. जखमेचा पू कापसाच्या बोळ्यावर घेऊन साध्या कल्चरला दिला, तर प्रयोगशाळा तो 37 अंशांवर ठेवून दोन दिवसांत अहवाल देते: वाढ नाही, किंवा त्वचेवरचे नेहमीचे जिवाणू. या बुरशीला 25 ते 30 अंश तापमान आणि सबुरो हे बुरशी वाढवायचं माध्यम लागतं. वाढ बऱ्याचदा आठवड्याभरात दिसते, पण ‘नाही’ म्हणण्याआधी चार आठवडे थांबावं लागतं. म्हणून गाठीचा तुकडा काढून त्याचे दोन भाग करणं उत्तम. एक फॉर्मेलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चरला. संपूर्ण तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला तर बुरशी मरते आणि कल्चरची संधी गेली. अर्जावर ‘काट्यानंतरची गाठ, बुरशीचं कल्चर’ एवढं लिहिलेलं असावं. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या पेशी फार थोड्या असतात, त्यामुळे तिथे न दिसणं म्हणजे आजार नसणं नव्हे. अशीच ओळ त्वचेचा क्षय आणि त्याच्या जातभाई जिवाणूंमुळेही येते, म्हणून त्यांचीही तपासणी त्याच तुकड्यावर मागावी.

आता औषध. नेहमीचा उपचार म्हणजे इट्राकोनाझोल, प्रौढाला रोज 200 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या दोन साध्या कॅप्सूल. हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. त्यानं वाढ रोखली जाते, उरलेली बुरशी साफ करण्याचं काम मुख्यतः शरीरालाच करावं लागतं. म्हणून तीन ते सहा महिने लागतात. महिना-दीड महिन्यात गाठी चपट्या होऊ लागतात, आणि बरेच जण नेमके इथेच औषध सोडतात. नियम असा आहे: शेवटची गाठ पूर्ण बसल्यानंतरही दोन ते चार आठवडे औषध चालू ठेवायचं. आमच्या बागायतदाराच्या गाठी अडीच महिन्यांत बसल्या असतील, तर औषध निदान तीन महिने, म्हणजे सुमारे 180 कॅप्सूल. हा हिशेब पहिल्याच दिवशी सांगावा, खर्चाची आणि फेऱ्यांची तयारी होते.

कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायची. ती विरघळायला पोटात आम्ल लागतं, त्यामुळे पित्तासाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्याच्या अंगी औषध पुरेसं लागत नाही. ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटलं की आधी हेच विचारावं. पित्ताचं पातळ औषध हवंच असेल तर कॅप्सूलनंतर दोन तासांनी घ्यावं. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनाझोलचं प्रमाण रक्तात फारच खाली जातं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधं यांच्याशीही त्याचं जमत नाही, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. हृदय कमजोर असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना हे औषध दिलं जात नाही. यकृताची रक्ततपासणी सुरुवातीला आणि मग मधूनमधून. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, पायांवर सूज किंवा दम आला, तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

इट्राकोनाझोल चालत नसेल तर पोटॅशियम आयोडाइडचे थेंब हा शंभराहून अधिक वर्षांचा स्वस्त पर्याय आहे. थेंब हळूहळू वाढवावे लागतात, तोंडाला धातूची चव येते आणि थायरॉइडकडे लक्ष ठेवावं लागतं.

बरं झाल्यावर गाठींच्या जागी काळपट डाग किंवा व्रण राहतात. डाग सपाट आणि मऊ असेल तर त्यासाठी औषध वाढवायची गरज नाही. बोटाला टणक लागला, कडा उंचावली किंवा ओलावा आला, तर मात्र पुन्हा दाखवावं.