‘चार, तीन...’: व्यायामाच्या व्हिडिओत आकडे उलटे का मोजतात?

पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर कवायतीची मोजणी सरळ चालते: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. घरी मोबाईल समोर ठेवून एरोबिक्सचा व्हिडिओ लावला की तीच मोजणी उलटी होते. दोन्हींचं काम वेगळं आहे. कवायतीत प्रकार सगळ्यांना पाठ असतो, आकडा फक्त ठेका धरतो. व्हिडिओत पुढचा प्रकार कोणता, हे बघणाऱ्याला ठाऊक नसतं. ‘आता किती उरले’ आणि ‘पुढे काय’ या दोन्ही गोष्टी त्याच आकड्यांतून कळाव्या लागतात.

आधी सूचना, मग कृती ही विभागणी कवायतीतही आहे. ‘दाहिने’ म्हणताच रांग सावध होते, ‘मूड’ म्हटल्यावर वळते. मधल्या अवकाशाची लांबी मात्र हुकूम देणारा ठरवतो. संगीत आलं तेव्हा ती मुभा गेली. अमेरिकेत डॉक्टर केनेथ कूपर यांचं एरोबिक्सवरचं पुस्तक 1968 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन व जूडी शेपर्ड मिसेट या नर्तकींनी आपापल्या परीने नाच आणि व्यायाम यांची सांगड घातली. चालू गाणी साधारणपणे चार मात्रांच्या ठेक्याची असतात आणि त्यांचं वळण बहुधा 32 मात्रांनी, म्हणजे चार वेळा आठ मोजून पुरं होतं. नवा प्रकार वळणाच्या पहिल्या मात्रेवर सुरू झाला तरच तो अंगाला सहज वाटतो. म्हणून सूचना त्याआधीच्या मात्रांत बसवावी लागते. 1982 मध्ये अभिनेत्री जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली आणि ही पद्धत दिवाणखान्यात पोहोचली. तिथे चुकलेल्याला सावरायला समोर कुणी नव्हतं.

मिनिटाला 128 ठोक्यांचं गाणं घेऊ. एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी, आठ मात्रा पावणेचार सेकंदांच्या, पुरं वळण 15 सेकंदांचं. मार्चिंगनंतर उजवीकडे ग्रेपवाइन, म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकत बाजूला सरकणं, घ्यायचं आहे. 29 व्या मात्रेवर ‘चार’, 30 व्या मात्रेवर ‘तीन’, 31 व्या मात्रेवर ‘ग्रेपवाइन’, 32 व्या मात्रेवर ‘उजवा’. दोन आणि एक म्हणायचेच नाहीत, त्यांच्या जागी नाव आणि दिशा येते. नवखे प्रशिक्षक चारही आकडे पुरे म्हणतात आणि पहिल्या मात्रेवर ‘ग्रेपवाइन’ ओरडतात. हॉलमध्ये ही चूक लगेच दिसते, कारण मागची रांग दोन मात्रा उशिरा निघते. व्हिडिओत ती दिसतच नाही.

मराठीत हे जमवताना भाषेचे स्वतःचे अडथळे येतात. ‘एक’ ते ‘आठ’मध्ये ‘सहा’ सोडला तर सगळे आकडे एका दमात तोंडातून निघतात, आणि ‘सहा’ही ठेक्यात ‘स्हा’ होतो. ‘अकरा’पासून गाडी जड होते, ‘एकोणीस’ एका मात्रेत कोंबायला गेलं की शब्द तरी चिरडतो नाहीतर ठेका. म्हणून वीस वेळा करायचं असलं तरी आठ-आठ-चार असंच मोजलेलं बरं. दुसरी अडचण क्रियापदाची. ‘उजवा पाय बाजूला टाका’ यात खरं काम शेवटी कळतं, आणि तोवर मात्रा निघून जाते. म्हणून ‘टाका’, ‘घ्या’ गाळून नुसतं ‘उजवा, बाजूला’. प्रशिक्षक कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल तर तो ‘उजवा’ म्हणताना स्वतःचा डावा पाय टाकतो. बघणारे त्याला आरसा समजतात.

‘शाब्बास’, ‘सोडू नका’ यांनाही ठरलेली जागा आहे: वळणातला दुसरा किंवा तिसरा आठ, जिथे सांगण्यासारखं काही नसतं. शेवटच्या चार मात्रांत ‘मस्त, मस्त!’ आलं की सूचना गिळली जाते. ‘अजून चार!’ हे तर वरवर प्रेमळ, पण हिशेबात घातक. स्क्वॉटला दोन मात्रा खाली, दोन वर धरल्या तर आठ स्क्वॉटमध्ये वळण पुरं होतं. वर चार वाढवले की माणूस पुढच्या वळणाच्या मध्यावर अडकतो. वाढवायचेच तर आठ वाढवावेत.

2020 च्या टाळेबंदीत पुण्यातले अनेक वर्गही पडद्यावर आले आणि एक नवा घोटाळा दिसू लागला. मूळ गाण्यावर कॉपीराइटची हरकत येते, मग चित्रीकरणानंतर दुसरं गाणं लावतात. 128 च्या जागी 132 ठोक्यांचं गाणं बसवलं तर फरक कानाला जाणवत नाही. पण 15 सेकंदांत आता 33 मात्रा बसतात, म्हणजे प्रत्येक वळणामागे प्रशिक्षक एक मात्रा मागे पडतो. चार वळणांनंतर, मिनिटभरात, चार मात्रांचा फरक साचतो. मग पाऊल पुन्हा ठोक्यावर पडतं, पण वळणाच्या सुरुवातीवर नाही, आणि ‘चार, तीन’ गाण्याच्या भलत्याच जागी येतात. बघणाऱ्याला वाटतं आपलाच पाय चुकतोय. ओळखायची खूण सोपी आहे: आवाज बंद करून बघितल्यावर पावलं जुळत असतील, तर दोष गाण्याचा.