साक्षगंधापासून सुरू होणारा त्रिकोण

विदर्भातल्या खेड्यांत बहुतेक लग्नांची सुरुवात अजूनही मुलगी पाहण्यापासून होते. बोलणी होते, मग साक्षगंध होते, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरे, भावकी आणि सारे गाव त्या दोघांना एकमेकांचे मानू लागते. मुलामुलीने एकमेकांशी तोवर चार वाक्येही धड बोललेली नसतात. म्हणजे नाते निभावण्याचा निर्णय आधी होतो, ओढ आणि जवळीक मागून येतात, किंवा येतही नाहीत. प्रेमाविषयीचे जे दोन सिद्धान्त आज मराठी समुपदेशकांच्या तोंडी सर्रास असतात, मानसशास्त्रज्ञ स्टर्नबर्ग यांचा प्रेमाचा त्रिकोण आणि प्रौढांच्या आसक्तीच्या शैली, म्हणजे जवळच्या माणसाला धरून राहण्याच्या तऱ्हा, ते दोन्ही अमेरिकेत तयार झाले. तिथे हा क्रम सहसा उलटा असतो. इथल्या नात्यांना ते लावायचे तर ते कुठून आले आणि कशावर उभे आहेत, हे आधी पाहायला हवे.

प्रेमाचा अभ्यास करणे हेच मुळी अमेरिकेत एके काळी उधळपट्टी ठरले होते. 1975 मध्ये विल्यम प्रॉक्समायर या सिनेटरने सरकारी पैशाच्या अपव्ययासाठी एक उपहासाचा पुरस्कार सुरू केला. त्याचा पहिला मान एलन बर्शाइड आणि इलेन हॅटफिल्ड या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेमावरच्या संशोधनाला मिळाला. त्याआधी 1970 मध्ये झिक रुबिन यांनी ‘आवडणे’ आणि ‘प्रेम’ वेगवेगळे मोजणाऱ्या दोन प्रश्नावल्या तयार केल्या होत्या. या प्रश्नावल्या पुढे भारतातही आल्या.

रॉबर्ट स्टर्नबर्ग हे येल विद्यापीठात बुद्धिमत्तेचा अभ्यास करत. बुद्धिमत्ता ही एकच शक्ती आहे की अनेक शक्तींची बेरीज, हा त्या क्षेत्रातला जुना वाद. तोच प्रश्न त्यांनी 1984 मध्ये सुझन ग्रेजेक यांच्यासह प्रेमाला विचारला, आणि 1986 मध्ये त्रिकोण मांडला. त्याचे तीन कोन म्हणजे जवळीक, ओढ आणि बांधिलकी. जवळीक म्हणजे मनातले सांगता येणे, आपलेपणा, एकमेकांवर विसंबणे. ओढीत शरीराचे आकर्षण येते, भेटीची तगमग येते. बांधिलकीत दोन गोष्टी आहेत: हे माणूस आपले, हा निर्णय, आणि तो निभावण्याचा निश्चय. कोणते कोन आहेत आणि कोणते नाहीत, त्यावरून प्रेमाचे प्रकार पडतात. तिन्ही असले तर पूर्ण प्रेम. जवळीक आणि बांधिलकी असून ओढ नसली तर सोबतीचे प्रेम. नुसतीच बांधिलकी असेल तर ते रिते प्रेम.

विदर्भासाठी मला हे रिते प्रेमच सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत ते बहुधा शेवटाला येते, वर्षानुवर्षे संसार करून ओढ आणि जवळीक दोन्ही आटल्यावर. पण जिथे लग्ने ठरवून होतात तिथे हाच टप्पा सुरुवातीचा असू शकतो, हे स्टर्नबर्ग यांनी 1986 च्या त्या लेखातच लिहून ठेवले आहे. त्यामुळे साक्षगंधाच्या दिवशीचे जोडपे त्यांच्या सिद्धान्ताबाहेर पडत नाही. ते त्याच्या एका टोकावर उभे असते. स्टर्नबर्ग यांचे ते वाक्य आपल्याकडच्या चर्चांमध्ये क्वचितच येते आणि ‘रिते’ म्हटले की लोकांना मोडकळीला आलेला संसारच आठवतो.

भारतात ठरवून केलेल्या लग्नांतल्या प्रेमाची तपासणी त्याआधीच झाली होती. 1982 मध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी जयपूरमधल्या 50 जोडप्यांना रुबिन यांच्या प्रश्नावल्या दिल्या. प्रेमविवाहांत प्रेमाचे गुण सुरुवातीला जास्त होते, पण पाच वर्षांपुढच्या जोडप्यांत ते कमी आढळले. ठरवून केलेल्या लग्नांत ते सुरुवातीला कमी होते, आणि दहा वर्षांच्या आसपास प्रेमविवाहांच्याही वर गेले होते. हा निष्कर्ष जगभर सांगितला जातो, आपल्याकडे तर अभिमानाने. पण त्या अभ्यासात एकाच जोडप्याकडे दहा वर्षे कोणी पाहिले नव्हते. नव्या लग्नांची जोडपी वेगळी होती आणि जुन्या लग्नांची वेगळी. शिवाय जे संसार मोडले ते दहा वर्षांच्या गटात येणारच नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांचा 2012 मध्ये असाच एक छोटा अभ्यास झाला, त्यात दोन्ही प्रकारच्या लग्नांमध्ये फरक आढळला नाही. म्हणून ‘ठरवलेल्या लग्नात प्रेम वाढतेच’ असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. वाढू शकते, एवढेच म्हणता येते.

दुसऱ्या, आसक्तीच्या सिद्धान्ताची मुळे पाळण्यापाशी आहेत. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने आईपासून तुटलेल्या मुलांचा अभ्यास केला आणि 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यावर अहवाल लिहिला. मूल आईला बिलगते ते केवळ दुधासाठी नाही, धोक्याच्या वेळी कुणाकडे धावायचे ही जगण्याचीच गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी हे प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिले ते 1954-55 मध्ये, युगांडातल्या शेतकरी खेड्यांत. बाया वावरात जात, लेकरे कुणातरी नात्यातल्या बाईजवळ राहत. आपल्याकडच्या निंदणी-वेचणीच्या दिवसांशी हे चित्र किती जुळते!

पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये एन्सवर्थ यांनी साधारण वीस मिनिटांचा एक प्रयोग बसवला. वर्षभराचे लेकरू आईसोबत अनोळखी खोलीत खेळते, एक परकी बाई येते, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. लेकरू किती रडले, यावर निकाल नव्हता. आई परतल्यावर त्याने काय केले, ते पाहायचे होते. आईकडे जाऊन शांत होणारे ते सुरक्षित. आईला चिकटूनही चिडत राहणारे, समजूत न पटणारे ते चिंताग्रस्त. आईकडे पाठ फिरवून खेळण्यात मान घालणारे ते टाळणारे. या तिसऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके नंतर मोजले गेले तेव्हा ती वरून शांत असली तरी आतून अस्वस्थ असल्याचे दिसले.

सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी हेच तीन प्रकार प्रौढांच्या प्रेमाला लावले. 1985 मध्ये डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी ‘प्रेमाची प्रश्नमंजूषा’ छापली. तीन परिच्छेद दिले होते, त्यातला आपल्याला लागू पडणारा एक वाचकाने निवडायचा. 1987 मध्ये त्यांनी 620 उत्तरांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: सुमारे 56 टक्के सुरक्षित, 25 टक्के टाळणारे, 19 टक्के चिंताग्रस्त. हे आकडे आज कुठेही ‘माणसांचे प्रमाण’ म्हणून दिले जातात. पण ते एका शहराच्या वर्तमानपत्राला आपणहून पत्र पाठवणाऱ्यांचे प्रमाण आहे, आणि त्यात दोनतृतीयांश स्त्रिया होत्या. पुढे माणसांना कप्प्यांत घालणेही मागे पडले. 1998 पासून 36 प्रश्नांची जी प्रश्नावली रुळली, ती दोन मापे देते: सोडून जाण्याची चिंता किती, आणि जवळीक टाळण्याकडे कल किती. प्रत्येकजण या दोन्ही मापांवर कुठेतरी असतो.

आता एक कल्पित, पण विदर्भात सहज सापडेल असे जोडपे घेऊ. मुलगा आर्वी तालुक्यातला, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगी यवतमाळ जिल्ह्यातली. फेब्रुवारीत साक्षगंध, मे महिन्यात लग्न. साक्षगंधाच्या दिवशी तीन कोनांपैकी फक्त बांधिलकी आहे, आणि तीही बरीचशी दोन घरांनी केलेली. मधल्या तीन महिन्यांत मोबाईल आपले काम करतो. रात्री माळवदावर जाऊन बोलणे होते, ओढ भराभर वाढते. पूर्वीच्या पिढीला हा काळ मिळत नव्हता. लग्नानंतर जूनमध्ये पेरणी सुरू होते, घर एकत्र, सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी मोकळे बोलायचे नाही, आणि फोनवर तासभर बोलणारी दोघे दिवसभरात दोन वाक्ये बोलतात. कापसाचा पैसा पुरत नाही म्हणून पुढच्या वर्षी तो पुण्याकडच्या कंपनीत कामाला जातो.

या मुलीला ती 36 प्रश्नांची प्रश्नावली दिली तर काय होईल? नवऱ्याला मनातले सांगता का, अडचणीत त्याच्याकडे वळता का, या प्रश्नांना ती ‘नाही’ म्हणेल. टाळण्याचे गुण चढतील. पण ती जवळीक टाळते आहे, की घराची रीत पाळते आहे? हा फरक कागदावर उमटत नाही.

तो ओळखायला दोन्ही सिद्धान्त एकाच जागी नेतात, ताटातुटीपाशी. बर्शाइड यांचे म्हणणे होते की भावना जाणवते ती रोजच्या सवयीत खंड पडला की. स्टर्नबर्ग यांनी तेच जवळिकीला लावले. जुन्या संसारात जवळीक दिसेनाशी होते, ती संपली आहे की फक्त झाकली गेली आहे, हे जोडीदार काही दिवस दूर गेल्यावर कळते. आमच्या जोडप्यात तो कंपनीत गेल्यावर ती रोज ‘जेवले का तुमी?’ एवढेच विचारत असेल, पण बोंडअळी आली, सासऱ्यांचा ताप उतरेना, हे पहिल्यांदा त्यालाच सांगत असेल, आणि सांगून तिचा जीव खाली पडत असेल, तर जवळीक झाकलेली आहे. ती टाळत असेल तर वेगळे दिसेल. फोन आला की ती दुसऱ्याच्या हाती देईल, दुखणे लपवील, तो दिवाळीला आल्यावर कामात जास्तच गुंतेल, आणि खोलीत दोघेच असतानाही हे बदलणार नाही. शेवटची खूण सर्वांत भरवशाची आहे, कारण रीत चारचौघांसाठी असते. चिंता जास्त असेल तर तो आल्यावरही तिला शांत वाटणार नाही, आनंद आणि राग एकाच वेळी बाहेर पडतील.

1998 मध्ये आर. क्रिस फ्रेली आणि शेव्हर यांनी विमानतळावर निरोप घेणारी जोडपी पाहिली. ज्या स्त्रियांचा टाळण्याकडे कल होता, त्या निरोपाच्या वेळी जोडीदाराच्या कमी जवळ जात. ही पद्धत आर्वीच्या एसटी स्टँडवर उपयोगी नाही. तिथे कुणीच कुणाला मिठी मारत नाही. तिथली ओढ डब्यात किती भाकरी बांधल्या, गाडी हलेस्तोवर कोण थांबले, पोचल्याचा फोन येईपर्यंत कोण जागे राहिले, यात शोधावी लागेल.

जपानमध्ये ही अडचण लेकरांच्या बाबतीतच आली होती. साप्पोरोमध्ये एन्सवर्थ यांचा प्रयोग केला तेव्हा चिंताग्रस्त मुले फार निघाली आणि टाळणारी जवळजवळ सापडलीच नाहीत. आईपासून फारशी दूर न राहिलेल्या त्या लेकरांना आई खोलीबाहेर जाणे हाच मोठा धक्का होता. प्रयोग तोच होता, पण त्याचा ताण तोच नव्हता.

एन्सवर्थ यांना याची जाण होती. बाल्टिमोरची ती वीस मिनिटे घेण्याआधी त्यांच्या गटाने 26 कुटुंबांच्या घरी वर्षभर दर तीन आठवड्यांनी जाऊन, प्रत्येक वेळी सुमारे चार तास बसून पाहिले होते. आई लेकराला कसे घेते, रडल्यावर किती वेळाने धावते, याच्या नोंदी केल्या होत्या. त्या नोंदींशी जुळले म्हणून प्रयोगशाळेतल्या वागण्याला अर्थ मिळाला. विदर्भातल्या जोडप्यांना शैलीचे नाव देण्याआधी असेच घरात बसून पाहायला हवे: पेरणीच्या दिवसांत, कापूस विकून पैसा हाती आल्यावर, माहेरहून परतल्यावर, आणि सासू घरात नसताना.