वेग भरपूर, तरीही आवाज तुटका का?

अमेरिकेतील भाचीशी व्हिडिओ कॉल सुरू असताना आवाज तुटू लागला की आमच्या घरी कोणीतरी लगेच वेग मोजून दाखवते. पडद्यावर १०० एमबीपीएसचा आकडा असतो आणि भाचीचे शब्द मात्र अर्धेच ऐकू येत असतात. या दोन गोष्टींत विसंगती नाही. केवळ आवाजाच्या कॉलला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा लागत नाहीत. कॉलचा दर्जा ठरतो तो लेटन्सी म्हणजे विलंब, जिटर म्हणजे त्या विलंबातील चढउतार आणि पॅकेट लॉस म्हणजे वाटेत झालेली गळती, या तीन मापांवर.

बोलणाऱ्याचा आवाज साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो आणि प्रत्येक तुकडा एका पॅकेटात घालून पाठवला जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. विलंबाचा काही भाग निसर्गानेच ठरवून दिला आहे. काचतंतूत प्रकाशाला हजार किलोमीटर जायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सरळ मोजले तरी साडेतेरा हजार किलोमीटर भरते, म्हणून ६७-६८ मिलिसेकंदांच्या आत आवाज तिकडे पोहोचणे शक्यच नाही. त्यातून समुद्राखालच्या केबली वळसे घेत जातात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या G.114 या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बहुतेक संभाषणांत तो जाणवत नाही, आणि ४०० हून अधिक विलंब जाळ्याच्या आखणीत टाळावा. या दोहोंच्या मध्ये माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात, कारण समोरचा गप्प आहे असे समजून दोघेही एकदमच बोलायला सुरुवात करतात.

खरी गंमत जिटरमध्ये आहे. पॅकेटे अनियमित येत असली तरी कानाला आवाज सलग हवा असतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये जिटर बफर नावाचा एक छोटा साठा असतो. पंगतीत वाढपी परातीत चार पुऱ्या शिल्लक ठेवूनच फिरतो, म्हणजे कढईकडून पुढचा घाणा उशिरा आला तरी पान रिकामे राहत नाही, तसेच हे आहे. समजा, ०, २०, ४०, ६० आणि ८० व्या मिलिसेकंदाला निघालेली पाच पॅकेटे ११०, १३१, १५२, २०५ आणि २०६ व्या मिलिसेकंदाला पोहोचली. चौथे वाटेत कुठेतरी अडकले. बफरने पहिले पॅकेट २० मिलिसेकंद राखून १३० ला वाजवले, तर पुढच्यांची पाळी १५०, १७०, १९० आणि २१० ला येते. चौथे पॅकेट १९० ला हवे होते आणि आले २०५ ला. ते सुखरूप पोहोचूनही निरुपयोगी ठरते आणि टाकून दिले जाते. बफरने ४० मिलिसेकंद राखले असते तर त्याची पाळी २१० ला आली असती आणि ते वाचले असते. मात्र मग तुकडा भरण्याचे २०, प्रवासाचे ११० आणि बफरचे ४० मिळून विलंब १७० झाला असता, म्हणजे मघाची १५० ची मर्यादा ओलांडली गेली असती. जिटर स्वतः कधीच ऐकू येत नाही. बफर त्याचे रूपांतर विलंबात तरी करतो किंवा गळतीत तरी, आणि यांतले काय पत्करायचे हे ॲप क्षणोक्षणी ठरवत असते. जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत असावा हा व्यवहारातील दंडक यातूनच आला आहे. तरीही सरासरीवर फार विसंबू नये, कारण वरच्या उदाहरणात बिघाड केला तो एकाच उशिराने.

गळतीचेही तसेच आहे. ती एक टक्क्याच्या आत असावी असे म्हणतात. दर दोन सेकंदांना एक पॅकेट हरवले तर ती भरते एक टक्का, आणि शेजारच्या आवाजावरून फोन ती २० मिलिसेकंदांची फट बेमालूम बुजवतो. दहा सेकंदांत एकदाच, पण सलग पाच पॅकेटे गेली तरी टक्का तोच राहतो. मात्र १०० मिलिसेकंदांत एखादे अक्षर सहज नाहीसे होते आणि ‘नको’चे ‘को’ उरते. चित्राच्या बाबतीत नुकसान अधिक टिकते. पुढची चौकट म्हणजे फ्रेम ही मागच्या चौकटीपासूनच्या फरकावर रचलेली असल्याने एका पॅकेटाची उणीव, ते पुन्हा मागवून मिळेपर्यंत किंवा नवी पूर्ण चौकट येईपर्यंत, चित्र गोठवून किंवा विस्कटून ठेवू शकते.

घरी हे तपासायचे तर लिनक्सवर गूगलच्या सर्व्हरकडे ५० छोटी पॅकेटे पाठवणारी पुढील आज्ञा द्यावी:

```
ping -c 50 -i 0.2 8.8.8.8
```

शेवटच्या ओळीतील `avg` हा जाऊन-येऊन लागलेला सरासरी वेळ आहे, `mdev` वरून चढउताराचा अंदाज येतो, आणि `max` जर `avg` च्या कित्येक पट असेल तर संशय राउटरवर घ्यावा. आमच्या घरी कॉलच्या वेळीच दुसरा फोन फोटोंचा बॅकअप वर चढवत असे, आणि त्या रांगेत आवाजाची पॅकेटे ताटकळत राहत. बॅकअप थांबवून हीच आज्ञा पुन्हा दिल्यावर `max` खाली आला. मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ स्टिकर या रांगेचे काहीही करू शकत नाही, आणि अधिक एमबीपीएसचा महागडा प्लॅनही, त्यात अपलोडचा वेग वाढत नसेल तर, तितकाच निरुपयोगी ठरतो.