मुलाखत मंडळासमोर जाताना: मतप्रश्न आणि त्यानंतरचा उलटप्रश्न
(राज्यसेवा व नागरी सेवा उमेदवारांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे सराव मुलाखतीसाठी येणारे उमेदवार पहिल्या दिवशी साधारण एकच मागणी करतात: 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं द्या.' अशी यादी आम्ही देत नाही. का देत नाही आणि त्याऐवजी काय करून घेतो, हे नावनोंदणीपूर्वीच कळावं म्हणून हे पत्रक.

आधी गुणांचं बोलू. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्यात लेखीला १७५० आणि मुलाखतीला २७५ असे एकूण २०२५ गुण आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत ही विभागणी अशीच आहे. जुन्या पद्धतीत राज्यसेवेची मुलाखत १०० गुणांची होती. म्हणजे मुलाखतीचं वजन वाढलं आहे, पण लेखीत मागे पडलेला उमेदवार अर्ध्या तासात सगळं भरून काढेल इतकंही ते नाही. गट क आणि अराजपत्रित गट ब पदांसाठी केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून मुलाखती बंद केल्या, तेव्हा केंद्राच्या अशा पदाची तयारी करत असाल तर हे पत्रक तुमच्या कामाचं नाही.

केंद्रीय आयोगाच्या अधिसूचनेत या टप्प्याचं नाव व्यक्तिमत्त्व चाचणी असं आहे. ज्ञानाची परीक्षा लेखीत झालेली असते आणि इथे उलटतपासणी न होता हेतूपूर्वक चालवलेला नैसर्गिक संवाद होईल, असं तिथे लिहिलेलं आहे. तपासायच्या गुणांमध्ये मांडणीतली स्पष्टता, निर्णयातला समतोल आणि बौद्धिक प्रामाणिकपणा यांचा उल्लेख आहे. उमेदवार सगळ्यात जास्त चुकतात ते यातल्या समतोलाच्या बाबतीत, म्हणून पत्रकाचा बराचसा भाग त्यालाच दिला आहे.

प्रश्न कुठून येतात

मंडळापुढे तुमचा अर्ज असतो, उमेदवारांच्या भाषेत 'डॅफ'. जन्मगाव, पदवीचा विषय, आधीची नोकरी, छंद आणि मधली रिकामी वर्षं यातलं काहीतरी धरून बोलणं सुरू होतं. म्हणून आम्ही पहिल्या बैठकीत तुमच्या अर्जातल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारतो आणि विचारतो, 'यावरून तुमचं मत विचारलं तर?' छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिलं असेल तर शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं, आणि त्यातलं काय पटलं नाही, हे सांगता यायला हवं. नाहीतर तो शब्द तिथे नसलेलाच बरा. अर्ज आधीच भरून झाला असेल, तर लिहिलेल्या शब्दाचा अभ्यास करणं एवढंच हातात उरतं.

एक प्रश्न, शेवटपर्यंत

समजा, उमेदवार निफाड तालुक्यातला आहे, कृषी पदवीधर आहे आणि घरी कांदा पिकतो. मंडळातले एक सदस्य विचारतात, "कांद्यावरची निर्यातबंदी योग्य होती की अयोग्य?"

सरावात पहिल्या फेरीत याची दोन उत्तरं येतात. एक: "सर, निर्यातबंदीचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत." दुसरं: "सर, हा शेतकऱ्यांवर सरळ सरळ अन्याय होता." दुसरं उत्तर एकांगी आहे हे उमेदवाराला लगेच पटतं. पहिलं त्याला समतोल वाटतं, पण त्यात तर काहीच म्हटलेलं नाही. कुंपणावर बसलेला अधिकारी मंडळाला नको असतो. त्याच्यासमोर उद्या दोन बाजूंचे लोक उभे राहणार आहेत आणि त्याला सही करायची आहे.

आम्ही उत्तर चार पायऱ्यांनी बांधायला सांगतो. पहिली पायरी म्हणजे स्वतःचा संबंध उघड करणं: "सर, आमच्या घरी कांदा होतो, त्यामुळे माझं पाहणं थोडं उत्पादकाच्या बाजूचं असेल, हे आधी सांगतो." मंडळाच्या मनात जी शंका येणार होती ती तुम्हीच बोलून दाखवलीत की पुढचं ऐकलं जातं.

दुसऱ्या पायरीवर, ज्या निर्णयाशी तुम्ही असहमत आहात त्याचं कारण त्या बाजूच्या माणसालाही मान्य होईल असं मांडायचं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पुरवठा घटेल या भीतीने त्या महिन्यात ४० टक्के निर्यात शुल्क आलं आणि तरीही शहरांतले भाव वाढल्यावर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंदी आली. "ग्राहकाला परवडेल असा भाव ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे मला मान्य आहे," इतकं स्पष्ट म्हणायचं.

तिसरी पायरी तुमच्या माहितीची, आणि इथे निफाडचा मुलगा इतरांपेक्षा वेगळा ठरू शकतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, भाव पडला तर शेतकरी थोडा थांबू शकतो. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाणी जास्त असतं, तो साठवता येत नाही आणि काढला की विकावाच लागतो. बंदी नेमकी अशा वेळी आली की उत्पादकाकडे थांबण्याचा पर्याय नव्हता. हे सगळं तीन वाक्यांत सांगून झालं की मंडळ मान वर करून तुमच्याकडे बघतं.

चौथी पायरी निर्णयाची: "म्हणून माझं मत असं की भाव आवरण्याचा हेतू योग्य होता, पण अचानक पूर्ण बंदी हे साधन चुकलं. आधी राखीव साठा बाजारात आणणं, मग पूर्वसूचना देऊन शुल्क, आणि बंदी सगळ्यात शेवटी, असा क्रम मी सुचवेन." थांबा. एवढं उत्तर मिनिट-सव्वा मिनिटात होतं. त्यापुढे बोलत राहिलात तर मंडळाचा उलटप्रश्न तुम्ही स्वतःच खाऊन टाकता.

उलटप्रश्न आला की

आता दुसरे सदस्य, थोड्या चढ्या आवाजात: "म्हणजे मुंबईतल्या कामगाराने ऐंशी रुपयांनी कांदा घ्यायचा?"

हा प्रश्न आल्यावर उमेदवाराचा चेहरा पडतो. आपलं उत्तर चुकलं असं त्याला वाटतं आणि तो चटकन पलटी खातो: "नाही सर, तसं पाहिलं तर बंदी योग्यच होती." गुण जायचे ते इथे. तुम्ही दाबाखाली काय करता हे पाहण्यासाठीच बहुतेक वेळा असा प्रश्न टाकलेला असतो. दुसरं टोक म्हणजे तेच उत्तर पुन्हा, अधिक जोरात म्हणणं. तेही नको. आधी समोरच्याच्या मुद्द्यातलं जे खरं आहे ते मान्य करा, मग तुमचं मत कितपत बदलतं ते सांगा: "सर, त्या कामगाराला तो भाव परवडणार नाही, हे खरं. त्याच्यासाठी राखीव साठ्यातला कांदा सवलतीच्या दरात विकावा, असं मी म्हणेन. तरी त्याचा भार एकट्या उत्पादकावर टाकावा असं मला वाटत नाही." नवा मुद्दा खरोखर पटला, तर "हा विचार मी केला नव्हता, त्यामुळे माझं मत थोडं बदलतं" असं म्हणायला हरकत नाही. मुद्दा पटला म्हणून मत बदललं की आवाज चढला म्हणून, हा फरक समोरच्या अनुभवी माणसांना लगेच कळतो.

मग अध्यक्ष विचारतात, "तुम्ही निफाडला उपविभागीय अधिकारी आहात. बंदीच्या निषेधात लासलगावचे लिलाव बंद पडलेत, शेतकरी महामार्गावर निघालेत. काय कराल?"

इथे टोपी बदलते. वर्तणूक नियमांनुसार सरकारी नोकराला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. मघाशी दिलेलं स्वतःचं मत आता बाजूला ठेवायचं, आणि ठेवलं आहे हे सांगायचं. मग कृती क्रमाने: शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, बाजार समितीचे सभापती आणि व्यापारी यांना एकत्र बसवणं, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना बोलावणं, पोलिसांशी बोलून रुग्णवाहिकांना वाट मोकळी ठेवणं, मागण्यांचं निवेदन त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणं. अनेकजण पहिल्याच वाक्यात जमावबंदी लावतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) तो अधिकार आहे, पण तो पहिला उपाय म्हणून सांगितलात तर पुढचे पाच प्रश्न त्यावरच येतील, आणि ते सोपे नसतील.

शेवटी एखादा साधा आकडा विचारला जातो: "आज निर्यात शुल्क किती आहे?" मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं गेलं. यातलं अर्धंच आठवत असेल तर तेवढंच सांगा: "टप्प्याटप्प्याने कमी होऊन २०२५ मध्ये शुल्क काढलं, नेमकी तारीख आठवत नाही." अजिबात माहीत नसेल तर 'माहीत नाही, सर' एवढं पुरे. त्यापुढे 'पण मी नक्की वाचून घेईन' असं सगळेच जोडतात, त्याची गरज नसते.

स्वतःविषयीचे प्रश्न

"तुमचा एखादा दोष सांगा" यावर "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर कृपया आणू नका. खरा, पण कामाच्या आड फार न येणारा दोष सांगा आणि त्यावर काय करता तेही सांगा. उदाहरणार्थ, 'मला नाही म्हणायला उशीर होतो, त्यामुळे कामं साठतात. हल्ली कोणाला हो म्हणण्याआधी हातातली कामं वहीत बघतो.' लगेच पुढचा प्रश्न येईल, "मग राजकीय दबाव आला तर नाही कसं म्हणणार?" त्याची तयारी त्याच दोषाबरोबर करायची. रिकाम्या वर्षांविषयी खोटी कारणं रचू नका. 'अभ्यास केला, दोनदा मुख्य परीक्षेत राहिलो' याची लाज वाटण्यासारखं काही नाही. मंडळापुढे असे खूप येतात.

शांतपणाविषयी थोडं

प्रश्न संपल्यावर एक श्वास घ्या आणि मग बोला. सदस्याने मध्येच तोडलं तर वाक्य अर्धं सोडा, पूर्ण करायचा हट्ट नको. उत्तर प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून सुरू करा आणि मध्ये बाकीच्यांकडेही बघा. कपड्यांबद्दल आम्ही एवढंच सांगतो: स्वच्छ, साधे आणि आधी एकदा तरी घातलेले. मराठीत मुलाखत देणार असाल तर 'कलेक्टर', 'बजेट' असे रुळलेले शब्द बिनधास्त वापरा. ऐन वेळी प्रतिशब्द शोधताना विचार तुटतो.

आम्ही काय करतो

तुमच्या अर्जावरून मतप्रश्न काढतो, तीन-चार जणांचं मंडळ बसवतो आणि मुलाखतीचं चित्रण करतो. त्यातली दोन उत्तरं तुम्ही स्वतः शब्दशः कागदावर उतरवायची. हे काम उमेदवारांना आवडत नाही, पण 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' किती वेळा आलं आणि मूळ उत्तर कितव्या वाक्यात सुरू झालं, हे तिथेच दिसतं. तिसऱ्या वाक्यानंतर सुरू होत असेल तर ते पुन्हा बांधायचं. मग हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने: निफाडच्या उमेदवाराला आम्ही ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी म्हणून बोलायला लावतो. त्या बाजूने त्याला दोन मिनिटं नीट बोलता आलं नाही, तर पहिल्या उत्तरातला समतोल वरवरचा होता, असं आम्ही धरतो.

सराव फार करू नका, हेही सांगतो. पाठ झालेलं उत्तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. चार-पाच सराव मुलाखती पुष्कळ झाल्या, आणि त्या सगळ्या आमच्याकडेच द्यायला हव्यात असं नाही. वेगळ्या माणसांसमोर बसलात तर जास्त उपयोग.

पहिल्या बैठकीला भरलेल्या अर्जाची प्रत, पदांचा पसंतीक्रम आणि तुमच्या जिल्ह्यातल्या सध्या वादात असलेल्या तीन विषयांची नावं घेऊन या. शुल्क त्या बैठकीनंतर ठरतं. अर्ज पाहून तुम्हाला आमची गरज नाही असं वाटलं, तर तसं स्पष्ट सांगतो.