पंख्याखालचा थर्मामीटर

विज्ञानाच्या तासाला बाईंनी एक साधा प्रश्न टाकला. वर्गातली हवा ३१ अंशांवर आहे. दारं-खिडक्या लावून पंखा तासभर फुल स्पीडवर ठेवला, तर तासाभराने ती किती अंशांवर असेल?

"२८," एक मुलगा लगेच म्हणाला. "२९," दुसरा. मागून कुणीतरी "२५" म्हटलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र जरा थांबून म्हणाली, "बाई, ३१च राहील. पंखा फक्त हवा हलवतो."

"३१च्या वरही जाऊ शकते," बाई म्हणाल्या, आणि वर्गात एकदम कुजबुज झाली. "पंख्याला वीज लागते ना? साधारण पंखा ७५ वॅटचा धरा, म्हणजे दर सेकंदाला ७५ ज्यूल ऊर्जा. ती जाते कुठे?"

"पाती फिरवण्यात."

"आणि पाती कशासाठी फिरतात?"

"वाऱ्यासाठी. म्हणजे हवेला वेग येतो."

"पंखा बंद केला की हा वारा किती वेळ टिकतो?"

"काही सेकंद."

"मग त्याची ऊर्जा गेली कुठे? हवा भिंतींवर घासली, स्वतःवरच घासली आणि थांबली. घर्षणातून उष्णता तयार झाली. मोटरच्या तारा तापतात, ती उष्णता निराळी. हिशोब कसाही मांडा, पंख्याने घेतलेली सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते."

बाईंनी फळ्यावर एक खोली काढली: ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच. आत ३६ घनमीटर हवा. घनमीटरला सुमारे १.२ किलो धरले तर ४३ किलो. एक किलो हवा एका अंशाने तापवायला साधारण १,००० ज्यूल लागतात, म्हणजे या खोलीतली हवा एका अंशाने तापायला ४३,००० ज्यूल हवेत. पंखा तासाभरात २,७०,००० ज्यूल आत सोडतो. भागाकार मुलांनीच केला. उत्तर सहा अंशांच्या आसपास आलं.

"पण बाई, घरी रात्रभर पंखा चालू असतो. सहा अंशांनी वाढलेलं कधीच जाणवत नाही."

आकडा आला की तो खराच मानायचा, असं या मुलाने केलं नाही, हे मला फार आवडलं. बाईंनाही आवडलं असावं, कारण त्यांनी उत्तर सावकाश दिलं. हा हिशोब फक्त हवेचा होता. भिंती, फरशी, छत, फर्निचर यांचं वजन हवेच्या कितीतरी पट असतं आणि हवेला मिळालेली बरीचशी उष्णता तेच शोषून घेतात. थोडी फटींमधून बाहेर जाते. म्हणून प्रत्यक्षात हवा अंशाच्या एखाद्या भागानेच चढते. पण ती खाली काही येत नाही.

"मग पंख्याखाली बसलं की गार का वाटतं?"

इथे बाईंनी टेबलावर दोन थर्मामीटर ठेवले. तापात काखेत लावतात ते नव्हेत, कारण त्यांतला पारा एकदा चढला की झटकेपर्यंत उतरत नाही. हे प्रयोगशाळेतले होते, काचेच्या लांब नळीचे. एका मुलाने त्यातला एक उचलला, खालचा फुगा मुठीत धरला आणि पंख्याखाली नेऊन उभा राहिला. पारा ३४ वर गेला होता. मूठ सोडली तसा तो सरसर उतरू लागला: ३३, ३२, मग ३१.

"बघा, पंख्याने गार केला!" तो ओरडला.

बाईंनी त्याला खोडून काढलं नाही. पंखा बंद करायला लावून तोच प्रयोग पुन्हा करून घेतला. या वेळी पारा रेंगाळत उतरला, बराच वेळ लागला, पण थांबला ३१ वरच. मग पंखा लावून त्याच थर्मामीटरला पंख्याखाली पाच मिनिटं तसंच ठेवलं. पारा हलला नाही. दुसरा थर्मामीटर खोलीच्या कोपऱ्यात होता, तोही ३१ दाखवत होता.

"आता सांगा, पंख्याने नक्की काय केलं?"

बऱ्याच चर्चेनंतर एका मुलीने वाक्य जुळवलं: "जे हवेपेक्षा गरम आहे, ते हवेइतकं व्हायला पंखा मदत करतो. हवेच्या खाली नेत नाही."

या तासातलं हे पहिलं मोलाचं वाक्य. मुठीतून सुटलेला थर्मामीटर आणि पंख्याखाली बसलेला माणूस इथपर्यंत सारखेच आहेत. माणसाची कातडी उन्हाळ्यात साधारण ३४ अंशांवर असते. तिला चिकटून काही मिलिमीटर जाडीचा हवेचा थर असतो. तो कातडीमुळे तापतो आणि पांघरुणासारखा अंगावर बसून राहतो. हवा वाईट उष्णतावाहक आहे, त्यामुळे स्थिर थरातून उष्णता हळूच बाहेर पडते. वारा आला की हा थर पातळ होतो आणि तापलेल्या हवेच्या जागी सतत ३१ अंशांची नवी हवा येते. हवेला सेकंदाला एक मीटर इतका वेग मिळाला, तरी अंगावरून या मार्गाने जाणारी उष्णता सुमारे दुप्पट होते. हवेचं तापमान तेच, पण ती आपल्याकडून उष्णता भराभर नेते.

"पण थर्मामीटर ३१ वर येऊन थांबला," कोपऱ्यातून शंका आली. "आपण का नाही थांबत?"

"कारण तुझ्या आत चूल पेटलेली आहे आणि ती विझत नाही," बाई म्हणाल्या. शांत बसलेला मोठा माणूस सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतो. म्हणजे खोलीत बसलेला एक माणूस पंख्यापेक्षाही ती खोली जास्त तापवतो. ही उष्णता सतत बाहेर टाकली नाही तर शरीराचं तापमान चढू लागेल. आपल्याला 'गार वाटतं' ते बहुतांशी कातडीतल्या संवेदनांमुळे. कातडीतून उष्णता सहज जाऊ लागली, कातडीचं तापमान जरासं उतरलं, की मेंदूला ते कळतं. हवा किती अंशांवर आहे हे मोजणारं काही आपल्यात नाही.

तरीही नुसत्या हवेने १०० वॅट वाहून जात नाहीत. ३४ आणि ३१ मध्ये अंतरच तीन अंशांचं. त्यासाठी दुसरा थर्मामीटर कामाला आला.

त्याच्या फुग्याला बाईंनी सुती कापडाची पट्टी गुंडाळली आणि ती पाण्यात बुडवली. पाणी सकाळपासून वर्गातच उघडं ठेवलेलं होतं, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. थंड पाणी घेतलं असतं तर पारा पाण्याच्या थंडपणाने उतरला की आणखी कशाने, हे कळलं नसतं. पंखा बंद असताना ओल्या थर्मामीटरचा पारा हळूहळू २६ पर्यंत आला. पंखा लावला, आणि तो पुन्हा उतरू लागला. २५. मग २४. तिथे स्थिरावला. शेजारचा कोरडा मात्र ३१ वरच होता. त्याच पंख्याखाली, त्याच हवेत, दोघांत सात अंशांचा फरक.

एका मुलाने कापडाला बोट लावून पाहिलं. "गार आहे, बाई. खरंच गार."

पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, आणि ती ज्याच्यावर पाणी आहे त्याच्याकडूनच घेतली जाते. घामाचा एक ग्रॅम कातडीवरून उडून जाताना सुमारे २,४०० ज्यूल घेऊन जातो. १०० वॅटने तासाला ३,६०,००० ज्यूल होतात. सगळी उष्णता घामानेच काढायची म्हटलं तर तासाला १५० ग्रॅम, म्हणजे कपभर घाम पुरेल. पण तो उडायला हवा. थेंब होऊन खाली पडलेल्या घामाने जवळजवळ काहीच साधत नाही. पंखा नसला की कातडीजवळचा तो हवेचा थर वाफेने भरून जातो, नवी वाफ त्यात मावत नाही आणि घाम ओघळू लागतो. पंखा हा दमट थर हटवतो. उन्हाळ्यात पंख्याचा मोठा उपकार हाच आहे असं मी म्हणेन, नुसत्या वाऱ्याचा क्रमांक त्यानंतर.

तासाच्या शेवटाकडे कापड सुकलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने पारा २८ वर चढलेला पाहिला आणि सगळ्यांना बोलावलं. काही मिनिटांत तो ३१ वर होता. पंखा तसाच फिरत होता.

"पावसाळ्यात पंखा लावूनही चिकचिक का होते?" यावर उत्तर मुलांनीच दिलं: हवेतच वाफ भरलेली असते. आकडा बाईंनी जोडला. ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर ओला थर्मामीटर २४ पर्यंत उतरतो. तेच ३२ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तो ३० च्या खाली जात नाही. अशा वेळी पंख्याने थोडी मदत होते, पण थोडीच.

"आणि दुपारी वरच्या मजल्यावर पंखा गरम हवा फेकतो ते?"

स्लॅब तापलेला असतो, त्याच्या खाली गरम हवा साठून राहते. पंखा ती खाली आणून खोलीभर मिसळतो. तक्रार खरी आहे, थर्मामीटरलाही ती दिसते.

शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांत महत्त्वाचा होता. "हवाच ४२ अंशांवर असली तर?"

बाईंनी तो मुलांकडेच परत पाठवला: मघाचं वाक्य काय होतं? जे हवेपेक्षा गरम आहे ते हवेइतकं करायला पंखा मदत करतो. आता कातडी ३५ वर आणि हवा ४२ वर. "म्हणजे उलट," मुलगी म्हणाली, "हवाच आपल्याला तापवेल. आणि पंखा असेल तर भराभर तापवेल." वाचवू शकतो तो घामच. हवा दमट असेल तर घाम आपणहून नीट उडत नाही, तिथे पंख्याने तो उडवला तर काही काळ फायद्याचं पारडं जड राहतं. पण हवा कोरडी असेल, तर घाम येताक्षणी पंख्याशिवायच उडून जातो. पंख्याने त्यात भर पडत नाही, उलट गरम हवा मात्र अंगावर आदळत राहते. ४० अंशांच्या वर पंखा शरीर तापवतो, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनाही देते. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते. अशा दिवशी पंखा लावायचाच असेल, तर कातडीवर पाणी शिंपडून किंवा ओला कपडा अंगावर घेऊन लावावा. न येणाऱ्या घामाची जागा ते पाणी घेतं, आणि ओलावा आहे तोवरच पंख्याचा उपयोग होतो.