व्हॉट्सॲपचा सहा अंकी पिन विसरल्यास: सात दिवसांची मुदत आणि त्या काळात नंबरची काळजी

आमच्या मोबाइल दुरुस्ती केंद्राच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, पुणे

नवीन हँडसेट घेतल्यावर किंवा जुना दुरुस्त करून घेतल्यावर व्हॉट्सॲप सुरू करताना ‘पिन आठवत नाही’ अशी तक्रार घेऊन अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. त्यांतील बहुतेकांचा गोंधळ दोन वेगवेगळ्या सहा अंकी आकड्यांमुळे झालेला असतो, म्हणून आधी तो फरक सांगतो. पहिला आकडा म्हणजे नोंदणीचा कोड. तो कंपनी प्रत्येक वेळी नव्याने एसएमएसने किंवा फोन करून कळवते, आणि नंबर आपल्याच ताब्यात आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते. दुसरा आकडा म्हणजे दुहेरी पडताळणीचा पिन. तो आपण (किंवा, बऱ्याचदा, घरातल्या मुलाने) कधीतरी स्वतः ठरवलेला असतो आणि तो कोणत्याही एसएमएसमध्ये येत नाही. त्यामुळे पिनच्या चौकटीत एसएमएसचा कोड पुन्हा पुन्हा भरून काही होत नाही. उलट फार वेळा चुकीचा आकडा टाकल्यास ॲप काही काळ प्रयत्नच थांबवते.

जुना फोन चालू असेल आणि त्यावर व्हॉट्सॲप उघडत असेल, तर कृपया नव्या फोनवर नोंदणी सुरू करण्याची घाई करू नये. जुन्या फोनवर Settings, Account, Two-step verification या क्रमाने गेल्यास तेथे Change PIN हा पर्याय मिळतो. तेथे नवा पिन ठरवता येतो, जुना सांगावा लागत नाही, आणि ईमेल पत्ताही त्याच ठिकाणी जोडता येतो. हे काम दोन मिनिटांचे आहे. मात्र नव्या फोनवर एसएमएसचा कोड एकदा भरला की पिन माहीत असो वा नसो, जुन्या फोनवरचे खाते बंद होते आणि हा सोपा मार्गही बंद होतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण नेमकी येथेच झालेली असते.

जुना फोन हाताशी नसेल, तर पिनच्या पडद्यावरील Forgot PIN? हा पर्याय वापरावा. पूर्वी ईमेल पत्ता दिलेला असल्यास त्यावर पिन बदलण्याचा दुवा येतो. पत्ता दिलेला नसल्यास सात दिवस थांबावे लागते, आणि ही मुदत आम्हाला, मोबाइल कंपनीच्या गॅलरीला किंवा अन्य कोणालाही पैसे घेऊन कमी करता येत नाही. (‘आजच करून द्या’ असा आग्रह दुकानात धरू नये, ही विनंती.) किती वेळ उरला आहे ते ॲपच्या पडद्यावर दिसते आणि तोच हिशेब प्रमाण मानावा, घरच्या कॅलेंडरवर मोजलेले दिवस त्याच्याशी जुळतीलच असे नाही.

ही मुदत जाचक वाटते, पण तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पिन विसरणारा खरा मालक आणि एसएमएसचा कोड चोरून आलेला भामटा या दोघांत ॲपला पडद्यामागून फरक करता येत नाही. विसरलेला पिन लगेच काढून टाकता आला असता, तर तो भामट्यालाही लगेच काढता आला असता. याचाच अर्थ असा की, या दिवसांत कोणी आपला एसएमएस कोड मिळवून आपला नंबर स्वतःच्या फोनवर नोंदवू पाहिला, तर त्यालाही त्याच पिनच्या भिंतीशी थांबावे लागते. आपल्याला न आठवणारा पिन तेवढे दिवस आपलीच राखण करत असतो. पण भिंत सात दिवसांचीच असल्यामुळे नंबर आणि त्यावर येणारे कोड आपल्याच हाती राहणे महत्त्वाचे ठरते.

कोथरूडच्या एका ग्राहक बाईंचे उदाहरण येथे देतो. घरगुती डबे पोचवण्याचा त्यांचा व्यवसाय आहे आणि मागण्या व्हॉट्सॲपवर येतात. गुरुवारी फोन पाण्यात पडून बंद पडला, संध्याकाळी नवा हँडसेट घेतला, सिम त्यात घातले, एसएमएसचा कोड भरला, आणि पुढे पिन विचारला गेला. ईमेल दिलेला नव्हता, त्यामुळे पडद्यावर सात दिवसांची मुदत आली. शनिवारी त्यांना एक फोन आला: ‘आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमचा पिन आजच काढून देतो, आता येणारा कोड तेवढा सांगा.’ कोड खरोखरच आला, कारण समोरच्याने त्याच वेळी त्यांचा नंबर आपल्या फोनवर टाकला होता. सुदैवाने बाईंनी कोड सांगितला नाही आणि त्या थेट दुकानात आल्या.

आम्ही ॲपला हात लावला नाही. आधी कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, ते पाहिले, कारण नोंदणीचा कोड फोन करूनही मिळवता येतो आणि वळवलेला कॉल भामट्याकडे जातो. त्यासाठी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये पाहावे किंवा `*#21#` डायल करावे; वळवलेले सर्व कॉल `##002#` ने रद्द होतात, मात्र काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून `**21*` किंवा `*401*` ने सुरू होणारा आकडा मात्र कधीही डायल करू नये, कारण कॉल वळवले जातात ते याच आकड्यांनी. त्यानंतर पडदा बंद असताना एसएमएसचा मजकूर दिसणार नाही अशी व्यवस्था केली आणि सिमलाही पिन लावून दिला. सिमचा पिन तीन वेळा चुकल्यास पीयूके क्रमांक लागतो, म्हणून तो डायरीत लिहून ठेवायला सांगितले. डब्यांच्या नेहमीच्या ग्राहकांना त्यांनी साधा एसएमएस पाठवला की, आठवडाभर मागणी फोनवर द्यावी आणि माझ्या नावाने व्हॉट्सॲपवर कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. मधल्या काळातले सर्व निरोप मुदतीनंतर मिळतीलच असे धरून चालू नये, म्हणूनही हा एसएमएस गरजेचा होता. पुढच्या गुरुवारी मुदत संपली, त्यांनी नवा पिन ठरवला आणि ईमेल पत्ता जोडला.

या आठवड्यात सिम बदलण्याचे काम शक्यतो टाळावे. नवे सिम मिळाल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी कोड एसएमएसने येत नाही. फोनचे नेटवर्क कारण नसताना गेले आणि तासाभरात परतले नाही, तर आपल्या नावाने दुसऱ्या कोणी सिम घेतले असण्याची शंका घेऊन लगेच कंपनीच्या गॅलरीत जावे. तसेच आपण न मागता नंबर पोर्ट करण्याचा यूपीसी कोड आला, तर तीही धोक्याची खूण समजावी. आपण न मागितलेला पिन बदलण्याचा ईमेल आला, तर त्यातील दुवा उघडू नये. कोणीतरी आपला नंबर नोंदवण्याच्या प्रयत्नात आहे एवढे त्यावरून समजावे.

एवढे करूनही कोणी नंबर आपल्या फोनवर नोंदवलाच, तर आपण पुन्हा एसएमएसचा कोड मागवून भरावा. त्यासरशी तो माणूस बाहेर फेकला जातो. त्याने स्वतःचा पिन लावलेला असल्यास खाते उघडण्यासाठी आपल्याला सात दिवस थांबावे लागेल, पण तोही त्यात राहू शकत नाही. पैशांची फसवणूक झाली असल्यास 1930 या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.

दुकानात येताना सिम असलेला फोन, जुना फोन बंद असला तरी तो, आणि पूर्वी वापरलेल्या ईमेलचा पासवर्ड सोबत आणावा. पिन आम्हाला सांगू नये. तो आपणच भरावा आणि आम्ही तेवढा वेळ दुसरीकडे पाहू.