दुधाच्या दाढेवर ड्रिल न लावता स्टीलची कॅप : नागपुरात कोणाला बसते, काय कागद लागतात

सहा वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई आणि आजी महाल भागातून आल्या होत्या. खालच्या उजव्या बाजूच्या दोन दुधाच्या दाढा किडलेल्या होत्या आणि पोर दीड महिन्यापासून डाव्या बाजूनेच चावत होती. आजीचा पहिलाच प्रश्न होता, "दुधाचाच दात हाय ना म्याडम, पडनच तो. कायले एवढं करायचं?" प्रश्न रास्त आहे. पण मागची दुधाची दाढ पडते दहा ते बाराव्या वर्षी. म्हणजे या मुलीला त्या दाढेवर अजून किमान चार वर्षं जेवायचं होतं, आणि तिच्या मागून येणाऱ्या पक्क्या दाढेला पुढे सरकू न देण्याचं कामही त्याच दाढेकडे होतं.

दोन्ही दाढांना भोकं होती, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तरी एकीवर कॅप बसली आणि दुसरीवर बसवायला मी नकार दिला. या पद्धतीला कोण पात्र आणि कोण नाही, हे त्या दोन दाढांवरूनच नीट कळतं.

पद्धत काय आहे

नेहमीच्या पद्धतीत भूल देतात, ड्रिलने कीड कोरून काढतात आणि मग सिमेंट भरतात किंवा दाढ घासून कॅप बसवतात. इथे यातलं काहीच नसतं. कीड आत तशीच राहते. दाढेच्या आकाराची तयार स्टीलची कॅप सिमेंटने भरून वरून दाबून बसवतात, बस. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल ही पद्धत आपल्या दवाखान्यात वर्षानुवर्षं वापरत होत्या. त्यांच्या नोंदी २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या, म्हणून हिला हॉल पद्धत म्हणतात.

"कीड आत ठेवून वरून झाकण?" असं प्रत्येक आईबाप विचारतात. किडीचे जंतू जगतात ते घासातून मिळणाऱ्या साखरेवर. त्या साखरेपासून ते आम्ल करतात आणि आम्लाने दात विरघळतो. कॅपच्या कडा सिमेंटने बंद झाल्या की रसद तुटते. आम्ल बनणं जवळपास थांबतं आणि कीड पुढे सरकत नाही. दाढेची नस जिवंत असेल तर तीही आतून दाताचा नवा थर चढवून स्वतःला मागे घेते. पण हे सगळं दोन अटींवर चालतं. नस निरोगी हवी आणि झाकण पूर्ण बंद हवं.

पुराव्याचं म्हणाल, तर स्कॉटलंडमध्ये १३२ मुलांवर झालेल्या चाचणीत प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर हॉल पद्धतीने कॅप बसवली आणि दुसऱ्या दाढेत नेहमीसारखं सिमेंट भरलं. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा नस खराब होणं, गळू होणं असं गंभीर अपयश कॅपच्या बाजूला साधारण शंभरात तीन होतं, तर सिमेंटच्या बाजूला शंभरात सोळा-सतरा.

पात्रता : एक्स-रेवरची पांढरी पट्टी

पात्रता ठरते तीन गोष्टींवरून : दुखण्याचा इतिहास, हिरडी आणि एक्स-रे.

दुखण्याबद्दल मी आईला दोनच प्रश्न विचारते. गोड किंवा थंड खाल्लं की कळ येते आणि घास संपला की जाते का? की काही न खाताही ठणकते, रात्री झोपेतून उठवते? पहिल्या प्रकारात नस चिडलेली असते, पण सावरू शकते. दुसऱ्या प्रकारात ती सावरण्यापलीकडे गेलेली असते आणि अशा दाढेवर कॅप बसवणं म्हणजे आत पू कोंडणं. मग हिरडी पाहायची. दाढेच्या मुळाशी पुळी, सूज किंवा पू असेल, किंवा दाढ पडायची वेळ नसताना हलत असेल, तर हॉल पद्धत बाद.

आता एक्स-रे. दाढेच्या मधोमध नसेची काळपट पोकळी दिसते आणि किडीची जागाही काळपट दिसते. या दोन काळ्या भागांमध्ये निरोगी दाताची पांढरट पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. ती असेल तर दाढ पात्र. दोन्ही काळे भाग एकमेकांना भिडले असतील, किंवा दोन मुळांच्या मधल्या हाडात काळी सावली असेल, तर नाही. डोळ्यांना हे दिसत नाही. म्हणून एक्स-रे न काढता कोणी लगेच कॅप बसवायला निघालं तर पालकांनी थांबवून विचारावं.

या मुलीच्या मागच्या दाढेचं भोक मोठं होतं, पण गोड खाल्ल्यावर येणारी कळ लगेच जायची आणि एक्स-रेवर पट्टी स्वच्छ होती. ती पात्र ठरली. पुढच्या दाढेच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी होती. आईला ती तोंड आलंय असं वाटत होतं. एक्स-रेवर मुळांच्या मधे सावली होती आणि मुळंही झिजलेली होती. ती दाढ भूल देऊन काढावी लागली. रिकामी जागा टिकवायला पुढे तारेचा छोटा आधार बसवला.

आणखी काही मुलं बाद होतात. जन्मजात हृदयविकार किंवा संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली मुलं, ज्यांना तोंडातल्या जंतूंमुळे हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग व्हायचा धोका असतो, त्यांच्यात कीड आत ठेवायची जोखीम घेत नाहीत. स्टीलमध्ये निकेल असतं, म्हणून नकली कानातल्यांनी कानाची पाळी चिघळते अशा मुलांच्या घरच्यांनी ते आधी सांगावं. दाढ लवकरच पडणार असेल तर कॅपचा उपयोग नाही. भिंत इतकी ढासळली असेल की कॅपला पकडायला काही उरलं नाही, तरीही नाही. आणि मूल तोंड उघडून दोन मिनिटं बसणारच नसेल तर सुटी कॅप घशात जायची भीती असते. त्याला आधी एक-दोन भेटींत खुर्चीची सवय करावी लागते.

कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

नागपुरात मेडिकलच्या परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि हिंगणा रस्त्याकडची खासगी दंत महाविद्यालयं, इथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. बालदंतरोगतज्ज्ञांचे खासगी दवाखानेही आहेत. महाविद्यालयात आधी खिडकीवर केस पेपर काढायचा. तिथून तपासणी विभाग, मग एक्स-रे, मग मुलांचा विभाग, असा क्रम असतो. पहिली भेट तपासणीतच जाते, त्यामुळे मुलाला सकाळी पोटभर खाऊ घालून आणा. इथे भूल नसल्यामुळे उपाशी ठेवायची गरज नाही आणि भुकेलं मूल सहकार्य करत नाही.

मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड ठेवा. शुल्कात सवलत मागायची असेल तर रेशन कार्डही. शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तपासून चिठ्ठी दिली असेल तर ती जरूर आणा. दातांचे आजार त्या कार्यक्रमाच्या यादीत आहेत. जन्मतारीख नेमकी लिहून द्या, कारण दाढ अजून किती वर्षं राहणार हे वयावरून ठरतं. आधी कुठे एक्स-रे काढला असेल तर तोही आणा. हृदयाची तक्रार असेल तर इकोचा रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी लागतेच.

सगळ्यात जास्त अडतं ते संमतीपत्रावर. कॅप चांदीसारखी चकाकते, हसताना दिसू शकते आणि कीड आतच राहते, हे वाचून आई किंवा वडिलांनी सही करायची असते. मुलाला आजी किंवा आत्या घेऊन येते आणि सहीसाठी फेरी वाया जाते. निदान संमतीच्या दिवशी तरी आईबापांपैकी एकाने यावं.

कॅप बसवायचा दिवस

दाढा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतील तर आधी मधल्या फटीत छोटी रबरी कडी अडकवतात. तिने तीन ते पाच दिवसांत कॅपच्या कडेपुरती जागा होते. गुरुवारी कडी घातली की सोमवारी कॅप. दातात काही अडकल्यासारखं वाटतं, मूल काडीने कोरायला जातं, ते करू देऊ नका. कडी निघून पडली तर कळवा, नाहीतर सोमवारची फेरी फुकट जाते.

त्या दिवशी मुलाला जवळजवळ सरळ बसवतात आणि घशापुढे कापडाची घडी ठेवतात. दाढेला पूर्ण झाकेल अशी सगळ्यात लहान कॅप निवडायची असते. हा आकाराचा मुद्दा साधा नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास मागून पक्की दाढ येत असते, आणि मोठी कॅप मागच्या बाजूला बाहेर आली तर ती पक्की दाढ तिच्या कडेखाली अडकते. आकार ठरला की कॅपमध्ये सिमेंट भरायचं, दाढेवर ठेवायची, अंगठ्याने दाबायची आणि मुलाला कापसाच्या गुंडाळीवर जोरात चावायला सांगायचं. कट् असा बारीक आवाज येतो. बाहेर आलेलं सिमेंट पुसून पुन्हा दोन-तीन मिनिटं चावून धरायचं. कडेची हिरडी दाबाने पांढरी पडते आणि थोड्या वेळाने पूर्ववत होते. या मुलीचं सगळं पंधरा मिनिटांत उरकलं.

घरी गेल्यावर आईचा फोन हमखास येतो : "दात बसतच नाहीत, फक्त कॅपच टेकते." हे खरं असतं. दाढ घासलेली नसल्यामुळे कॅप तेवढी उंच राहते. काही आठवड्यांत दात आपापली जागा घेतात आणि चावा पुन्हा जुळतो. तोवर मऊ भात-वरण, खिचडी द्या. म्हणूनच वरखाली समोरासमोरच्या दोन दाढांवर एकाच दिवशी कॅप बसवत नाहीत. पहिल्या दिवशी हिरडी दुखली तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. चिक्की, च्युइंगगम, चिकट टॉफी टाळा, आणि कॅपच्या कडेवर ब्रश नीट फिरवा.

आपण होऊन रात्री ठणका लागणं, हिरडीवर पुळी येणं, गाल सुजणं, कॅप हलणं किंवा वरून झिजून भोक पडणं, यातलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. कॅप निघून आली तर ती डबीत घालून सोबत आणा. स्वतः घरी परत दाबून बसवू नका.

काहीच तक्रार नसली तरी दर सहा महिन्यांनी दाखवावं आणि वर्षभराने एक एक्स-रे काढावा, कारण आतून बिघडणारी दाढ कधीकधी दुखत नाही. महालातली ती मुलगी चौथ्या महिन्यात आली तेव्हा दोन्ही बाजूंनी चावत होती. तिच्या केस पेपरवर पुढची तारीख लिहून दिली आहे. दहा-अकरा वर्षांची झाली की दाढ कॅपसकट आपोआप पडेल, कॅप वेगळी काढायला यावं लागणार नाही.